कंपनीतूनच ओव्हरक्लॉक होऊन आलेलं कार्ड गेम पाडतंय. तपासायला क्लॉक किती खाली आणायचं?

किरण_डोंबिवली
कार्ड ३०६० टीआय, तीन पंख्यांचं, कंपनीनेच ओव्हरक्लॉक केलेलं. खोक्यावर बूस्ट १७७० मेगाहर्ट्झ छापलंय. अनरियल इंजिनवरचा एक डीएक्स १२ गेम अधूनमधून पडतो. पडदा क्षणभर काळा होतो, मग डेस्कटॉप दिसतो आणि `DXGI_ERROR_DEVICE_HUNG` असा संदेश येतो. कॉम्प्युटर मात्र चालूच असतो, मागे लावलेलं गाणंही थांबत नाही.

फरमार्क तासभर चालवलं, काही झालं नाही, तापमान ७१ च्या वर गेलं नाही. ड्रायव्हर डीडीयूने पूर्ण काढून परत टाकला. मी स्वतः आफ्टरबर्नरमध्ये कशालाही हात लावलेला नाही.

जिकडे तिकडे 'क्लॉक कमी करून बघा' एवढंच लिहिलेलं सापडतं. किती कमी? कोअरचं की मेमरीचं? आणि कमी केल्यावर थांबलं तर त्यावरून नक्की काय समजायचं?

तिरपागडा
पीएसयू. पुढचा प्रश्न.

खटपट्या
तिरपागडा, एवढी घाई नको. पीएसयूने मान टाकली तर बहुतेक वेळा अख्खी मशीन बंद पडते किंवा रीस्टार्ट होते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Kernel-Power 41` दिसतं. इथे गाणं वाजत राहतंय. म्हणजे विंडोजने कार्डाला काम दिलं, दोन सेकंद वाट पाहिली, उत्तर आलं नाही म्हणून ड्रायव्हर रीसेट केला. त्याची नोंद `Display` या नावाखाली `4101` किंवा `nvlddmkm` खाली `153`, `13`, `14` अशी मिळते.

किरण, आधी ही नोंद आहे का ते बघा. Windows Logs मध्ये System उघडा आणि गेम पडला त्या मिनिटाच्या ओळी वाचा. `41` असेल तर हा धागा तुमच्यासाठी नाही, तिरपागडा यांचं ऐका.

कार्डाला वीज देणारी दोन सॉकेट्स असतील आणि दोन्हीला एकाच केबलची दोन तोंडं लावली असतील, तर तेवढं आधी बदला. पीएसयूपासून दोन वेगळ्या केबली आणा. फुकटचं काम आहे, करून मोकळे व्हा.

किरण_डोंबिवली
`4101` आहे. प्रत्येक वेळी. `41` एकदाही नाही. सॉकेट एकच आहे, त्यामुळे केबलचा प्रश्न नाही.

खटपट्या
मग आता आकड्याकडे येऊ. जीपीयू-झेड उघडा, तिथे Default Clock च्या ओळीत Boost बघा. तुमच्याकडे १७७० दिसायला हवं. एनव्हिडियाने ३०६० टीआयसाठी ठरवलेलं मूळ बूस्ट १६६५ आहे. दोघांतला फरक १०५, म्हणजे कार्ड बनवणाऱ्याने वरून घातलेलं ओव्हरक्लॉक तेवढं. म्हणून पहिली चाचणी हवेतल्या आकड्यावर नको. आफ्टरबर्नरमध्ये Core Clock ला `-105` टाका, बरोबरची खूण दाबा. Memory Clock शून्यावरच राहू द्या. दोन्ही एकदम हलवलं आणि गेम पडायचा थांबला, तर कशामुळे थांबला ते कधीच कळणार नाही.

गेम चालू असताना तुम्हाला १७७० नाही, १९५० ते २००० दिसत असेल. त्यात गैर काही नाही. छापलेलं बूस्ट हा नेहमीच्या भाराखाली मिळणारा सरासरी आकडा असतो. थंडावा आणि वीज शिल्लक असेल तर चिप त्याच्यावर आपणहून चढते, तेही १५-१५ च्या पायऱ्यांनी. ऑफसेटने ती सगळी शिडीच खाली सरकते.

आफ्टरबर्नर नको असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या Help मेनूत Debug Mode आहे. तो कंपनीचं ओव्हरक्लॉक बाजूला ठेवून कार्ड मूळ क्लॉकवर चालवतो. सर्व्हिस सेंटरला सांगताना हे नाव सोपं पडतं.

रात्रपाळी
एवढा खटाटोप कशाला? Power Limit ८० टक्के करा, झालं. कार्ड थंड, क्लॉक आपोआप कमी, क्रॅश गायब. किती जणांची कार्डं याने सुधारली आहेत.

मधुरा_प
रात्रपाळी, कार्ड थंड राहतं हे बरोबर. पण चाचणी म्हणून याचा उपयोग नाही, उलट फसगत होते.

कार्डाच्या आत एक आलेख असतो: इतक्या व्होल्टेजला इतकं क्लॉक. कंपनी ओव्हरक्लॉक करते म्हणजे प्रत्येक व्होल्टेजला थोडं जास्त क्लॉक मागते. Power Limit कमी केल्यावर तो आलेख जिथल्या तिथेच राहतो, कार्ड फक्त त्याच्या खालच्या भागात काम करतं. तिथे क्लॉक कमी असतं, पण व्होल्टेजही कमीच मिळतं. हातात असलेली सवलत वाढली असं काही होत नाही. ऋण ऑफसेट टाकला की त्याच व्होल्टेजला कमी क्लॉक मागितलं जातं. चिप त्या व्होल्टेजला तेवढं काम पेलते का, हाच आपला प्रश्न आहे, आणि त्याला थेट भिडणारी चाचणी ऑफसेटची.

किरण, तुमचं फरमार्क का पास झालं तेही यातच आलं. फरमार्क कार्डाला २०० वॉटच्या मर्यादेवर नेऊन आदळतं आणि मग कार्ड क्लॉक पाडतं. चालू असताना बघा, १७०० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली असेल. गेममध्ये लोडिंग संपतानाच्या क्षणी, मेन्यूत, फ्रेम रेटला मर्यादा घातलेली असताना भार हलका असतो. वीज शिल्लक असते म्हणून कार्ड शिडीच्या अगदी टोकाला जाऊन बसतं. फरमार्क त्या टोकाला कधी पोचतच नाही.

रात्रपाळी
हे पटलं. पण मग अंडरव्होल्ट करून लोकांचं स्थिर कसं चालतं? तिथे तर व्होल्टेज अजून कमी देतात.

मधुरा_प
कारण तिथे टोक छाटलेलं असतं. ९०० मिलिव्होल्टला १८०० ठरवून पुढचा आलेख सपाट केला तर कार्ड १९८० ला जातच नाही. पण ९०० ला मूळ आलेखात १७४० असेल, तर तुम्ही त्या बिंदूवर ६० चं ओव्हरक्लॉकच केलेलं असतं. म्हणून गेम पडत असताना तपासायला अंडरव्होल्ट लावू नये. आधी दोष शोधा, मग हवी ती कलाकुसर करा.

बंड्या_नाशिक
माझंही असंच! गेम सुरू होतानाच `Out of video memory trying to allocate a rendering resource` येतं. कार्डात १२ जीबी आहे, भरतंय कुठून? `-100` करून पाहिलं, `-200` केलं, काही फरक नाही. आता मेमरी क्लॉक कमी करू का?

खटपट्या
बंड्या, प्रोसेसर कुठला?

बंड्या_नाशिक
i9-13900K.

खटपट्या
मग कार्डाला सोडा. हा संदेश ग्राफिक्स मेमरीचं नाव घेतो, पण शेडर तयार करताना किंवा दाबून ठेवलेला डेटा उलगडताना प्रोसेसरने चुकीचं उत्तर दिलं तरी हाच येतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या चिप्सचं २०२४ मध्ये गाजलेलं प्रकरण ते हेच. बायोस अपडेट करा, मायक्रोकोड निदान `0x12B` हवा. अपडेटने पुढची झीज रोखली जाते, झालेली भरून येत नाही. इंटेलने या चिप्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे.

खात्री करायची पद्धत इथल्यासारखीच आहे, फक्त जागा वेगळी. बायोसमध्ये पी-कोअरचा गुणक ५५ वरून ५३ वर आणा आणि गेम सुरू करून बघा. थांबलं तर चिप बदलायला पाठवा. रॅमचं एक्सएमपी एकदा बंद करून बघायलाही हरकत नाही.

ठोंब्या
क्लॉक कमी केलं की एफपीएस वाढतात असं ऐकलं, खरं का? माझं जुनं १०६० आहे, किती कमी करू?

तिरपागडा
पूर्ण शून्यावर आणा. वीजबिलही वाचेल.

मधुरा_प
ठोंब्या, वाढत नाहीत. तुमचा गेम पडत नसेल तर काहीही करू नका.

किरण_डोंबिवली
`-105` वर एकदाही पडला नाही. परत `0` केलं, त्याच संध्याकाळी पडला. मग मधुराताईंचं टोकाचं म्हणणं तपासायला ही कमांड मागे चालू ठेवून खेळलो:

```
nvidia-smi --query-gpu=timestamp,clocks.gr,clocks.mem,power.draw,temperature.gpu --format=csv -l 1 -f C:\temp\gpu.csv
```

पडण्याच्या आधीच्या शेवटच्या ओळीत क्लॉक १९९५, वीज ११८ वॉट, तापमान ५८. लोडिंग संपून नकाशा दिसायला लागतो तिथेच. त्याआधी मारामारीत १९२० च्या आसपास, १९० वॉट, तेव्हा काही झालं नव्हतं.

मग आता १०५ च कायम ठेवू की कमी चालेल? आणि किती वेळ पडला नाही म्हणजे 'ठीक' म्हणायचं?

खटपट्या
`0` वर परत जाऊन पाडून बघितलंत हे उत्तम केलंत, नाहीतर 'ड्रायव्हरनेच बरं झालं असेल' ही शंका राहिली असती.

वेळेचा हिशेब असा. शून्यावर तुमचा गेम सरासरी किती वेळाने पडतो ते धरा, समजा दोन तास. सहा तास पडला नाही, तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून निदान तिप्पट वेळ. दोन तासांत पडणारा गेम अर्धा तास चालवून 'स्थिर' म्हणणारे पुढच्या आठवड्यात नवा धागा काढतात. गेम तोच, नकाशा तोच, सेटिंग त्याच. आणि लोडिंग भरपूर करा, तुमचा रोग तिथे आहे.

आता `-60` बघा. टिकलं तर `-45`, नाही टिकलं तर `-75`. १५ च्या पटीतच हलवा, मधल्या आकड्यांना अर्थ नाही. एक खाच लक्षात ठेवा: ड्रायव्हर कोसळून उठला की ऑफसेट कधीकधी गुपचूप शून्यावर जातो, आफ्टरबर्नरच्या खिडकीत मात्र जुनाच आकडा दिसतो. प्रत्येक क्रॅशनंतर रीस्टार्ट करा आणि प्रत्यक्ष क्लॉक बघून मगच पुढची चाचणी धरा.

मधुरा_प
एक जोड. टोकाचाच दोष आहे का ते वेगळं काढता येतं. ऑफसेट `0` ठेवा आणि प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये छत घाला:

```
nvidia-smi -lgc 210,1905
```

काढायला `nvidia-smi -rgc`. यात आलेख कंपनीचाच राहतो, फक्त १९०५ च्या वरचा भाग बंद होतो. असं करून थांबलं तर आलेखाचं टोकच कच्चं आहे, खालचा भाग ठीक आहे. तरीही पडला तर ओव्हरक्लॉक सगळीकडेच अंगावर येतंय आणि ऑफसेटला पर्याय नाही.

विदर्भी_ऊन
मे महिन्यात आमच्या नागपुरात हे सगळे आकडे परत काढावे लागतात. जानेवारीत टिकलेला ऑफसेट खोलीत ४० अंश असताना टिकेलच असं नाही.

खटपट्या
अर्धं बरोबर. गरम चिपला त्याच क्लॉकसाठी जास्त व्होल्टेज लागतं, हे खरं. पण तापमान वाढलं की बूस्ट एकेक पायरी उतरतोही. त्यामुळे टोकाला पडणारी कार्डं कधी थंडीतच जास्त पडतात: थंड चिप, म्हणून एक पायरी वर. किरण यांचं ५८ अंशाला पडलं, मारामारीच्या गरमीत नाही. उन्हाळ्यात परत तपासा हा सल्ला मात्र चांगला.

सुतळीबॉम्ब
माझं हाताने केलेलं आहे: ३०७०, Core `+120`, Memory `+1200`. गेम पडत नाही, पण सावल्यांत अधूनमधून रंगीत ठिपके चमकतात आणि एफपीएस आधीपेक्षा कमी वाटतात. कोअर खाली आणू?

मधुरा_प
आधी मेमरी. ठिपके, चौकोन, ताणलेले त्रिकोण ही लक्षणं बहुधा मेमरीची. कोअर कच्चा असेल तर बहुतेक वेळा काही न दाखवता सरळ पडतं. एफपीएस घटण्याचं कारणही तिथेच असू शकतं: मेमरीच्या वाटेवर चूक पकडली गेली की तोच डेटा परत पाठवावा लागतो. क्लॉक वाढलेलं दिसतं, काम मात्र दुप्पट होतं.

कोअर शून्यावर ठेवा. मेमरी `0` पासून `100` ने चढवत एकाच बेंचमार्कचे गुण लिहून काढा. गुण वाढायचे थांबले किंवा घसरले त्याच्या दोन पायऱ्या मागे या. मग कोअर. आणि थ्रीडीमार्कच्या स्ट्रेस टेस्टमधल्या ९७ टक्क्यांवर फार विसंबू नका. ती वीस फेऱ्यांत फ्रेम रेट किती सारखा राहिला ते मोजते, तुमच्या गेममधल्या लोडिंगबद्दल ती काही बोलत नाही.

पाटील_पुणे३८
एएमडीवाल्यांसाठी: अ‍ॅड्रेनलिनमध्ये Performance, मग Tuning, तिथे GPU Tuning चालू करून Max Frequency खाली आणा, आधी १०० ने. क्रॅशनंतर तो सगळं मूळ स्थितीला नेतो आणि तसा संदेशही दाखवतो. तो संदेश न वाचता पुढे खेळत राहिलं की चाचणी वाया.

रात्रपाळी
माझा मूळ प्रश्न राहतोच. पैसे ओव्हरक्लॉक कार्डाचे घेतले, आता `-60` वर चालवायचं म्हणजे साध्या कार्डाला जास्त पैसे मोजल्यासारखं. किरण, वॉरंटीत द्या.

खटपट्या
माझं मत वेगळं. १९९५ वरून ६० गेले म्हणजे तीन टक्के. ८० एफपीएस असतील तर ७८ च्या आसपास, डोळ्यांना कळणार नाही. सर्व्हिस सेंटर फरमार्क लावणार, ते पास होणार, 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून कार्ड परत येणार. तोवर तुम्ही प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर.

पाटील_पुणे३८
खटपट्या, पण आज ६० लागतंय, पुढच्या वर्षी १२० लागलं तर? वॉरंटी संपल्यावर कोण ऐकणार? कंपनी म्हणू शकते की हमी १७७० ची आहे, १९९५ ची नाही. पण १९९५ ला ग्राहकाने नेलेलं नाही, त्यांच्याच बायोसने नेलंय. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ३०८० आलं तेव्हा हेच झालं होतं: कार्डं २००० च्या आसपास पोचली की गेम पडायचे, आणि लोक कार्डाच्या मागचे कपॅसिटर मोजत बसले. मग ४५६.५५ ड्रायव्हर आला आणि बऱ्याच जणांचं पडणं थांबलं. पुष्कळ कार्डं त्यानंतर टोकाला थोडी कमी चढताना दिसली. म्हणजे टोक कापणं हा इलाज निर्मात्यांनीही वापरलाय, पण तो त्यांनी द्यायचा. ग्राहकाने जन्मभर आफ्टरबर्नर चालू ठेवायचं हे बरोबर नाही.

तिरपागडा
कार्डावर बायोसचं बारीक बटण आहे का बघा. दोन बायोस असतील तर शांत बायोसमध्ये क्लॉक कमी असू शकतं. आफ्टरबर्नरचीही गरज नाही. मशीन बंद करून मगच सरकवा. (हो, मी पण कधीकधी कामाचं बोलतो.)

किरण_डोंबिवली
बटण नाही, एकच बायोस.

निकाल: `-60` वर तिप्पट वेळ काढला, पडला नाही. `-45` वर पडला, पण शून्यापेक्षा बराच उशिरा. मधुराताईंचं १९०५ चं छतही लावून पाहिलं, ऑफसेट शून्य ठेवून. त्यावर पडला नाही. म्हणजे टोकच.

सध्या `-75` ठेवलंय, एक पायरी जादा. वॉरंटीचे अजून अकरा महिने आहेत. दुकानदार म्हणतो Debug Mode मध्ये चालतं आणि एरवी पडतं असं दोन्हीचं चित्रीकरण आणि इव्हेंट व्ह्यूअरचे फोटो दिलेत तर पुढे पाठवतो, पण बदलून मिळेल की दुरुस्त होऊन येईल ते सांगत नाही. अजून ठरवलेलं नाही.

एकच अडचण. रीस्टार्ट केलं की ऑफसेट जातो.

खटपट्या
आकडा टाकून खूण दाबा, मग सेव्हचं चिन्ह दाबून प्रोफाइल `1` मध्ये ठेवा, आणि विंडोजचं चिन्ह चालू करा, ज्यावर माउस नेला की `Apply overclocking at system startup` दिसतं. सेटिंगमध्ये आफ्टरबर्नर विंडोजबरोबर सुरू होण्याची खूणही हवी.

चित्रीकरण करणार असाल तर त्या वेळी हे बंद करायला विसरू नका, नाहीतर दाखवायला क्रॅशच मिळणार नाही.